बदली आल्याशिवाय

२०२४ च्या गणपतीत, पाचव्या दिवशीच्या विसर्जनाला घाटावर उभं राहून निर्माल्य गोळा करायचं असं आमच्या गल्लीनं ठरवलं. आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज टाकायचं काम माझ्याकडं आलं. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर मी हिशेब लिहिते. त्यामुळं लग्नपत्रिकेचा मजकूर असो नाहीतर पाणीपट्टीचा अर्ज, लिहायचं काही निघालं की गल्ली माझ्याकडं बघते. मी लिहिलं :

"उद्या पाचव्या दिवसाचे विसर्जन. निर्माल्य संकलनासाठी सर्वांनी दुपारी ४ वाजता घाटावर उपस्थित राहावे. संपर्क :" आणि खाली तिघांची नावं, नंबर.

मेसेज टाकून मी समाधानानं झोपले. सकाळी बघितलं तर त्रेचाळीस जणांच्या ग्रुपात एकतीस अंगठे. मला वाटलं, एकतीस माणसं आली.

चार वाजता चौदाजण आले. तेव्हा घाटावर विसर्जनाला आलेली घरं होती पाच-सहा. आमच्यातले दोघं-दोघं एकेका बाईच्या हातातली पिशवी घ्यायला धावत होते आणि ती बिचारी घाबरून पिशवी मागं ओढत होती. साडेपाचला कुणीतरी चहाला गेलं, त्याच्या मागोमाग चौघं गेले. साडेआठला गर्दीचा खरा लोंढा आला, तेव्हा आम्ही उरलो होतो पाच. त्यातल्या एकाचा उपास होता. निर्माल्य न्यायला सांगितलेला टेम्पो दीड तास दुसऱ्याच घाटावर उभा होता, कारण कृष्णेला सांगलीत घाट एक नाही. सरकारी घाट आहे, विष्णू घाट आहे, स्वामी समर्थ घाट आहे, आणि टेम्पोवाल्याच्या दृष्टीनं 'घाट' म्हणजे संस्थानचा गणपती जातो तो. त्याची काही चूक नव्हती. पाचव्या दिवशी अख्खी सांगली त्याच घाटाला 'घाट' म्हणते.

संपर्काचे तिघं? एकजण बहिणीकडं मिरजेला गेला होता. दुसऱ्याला वाटलं तिसरा बघतोय. तिसरा गुडघाभर पाण्यात उभा राहून कुणाची तरी मूर्ती धरत होता आणि त्याचा फोन वर चपलांच्या ढिगात, पिशवीत वाजत होता. भरलेली पोती रात्री बारापर्यंत पायऱ्यांवर पडून होती. ओल्या झेंडूचा तो वास मला अजून आठवतो.

नंतर गल्लीत बोलणी झाली ती सगळी माणसांवर. अमका आला नाही, तमका पळाला, आजकाल कुणाला काही पडलेलं नाही वगैरे. मीही त्यात दोन दिवस सूर मिसळला. मग एकदा निवांत तो मेसेज पुन्हा वाचला, आणि हिशेब लिहिणाऱ्या बाईला जशी चूक दिसावी तशी ती दिसली. चार वाजता या म्हटलं होतं, किती वाजेपर्यंत ते नव्हतं. 'सर्वांनी' लिहिलं होतं. सर्वांनी म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, आपण नसलो तरी सर्व आहेतच. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मी पंचांग बघितलं नव्हतं. २०२४ मध्ये पाचवा दिवस ११ सप्टेंबरला आला, आणि तोच गौरीपूजनाचा दिवस होता. ज्या घरात गौरी, त्या घरात त्या दिवशी पुरणाचा घाणा. बाया कशा येणार चार वाजता? अंगठा त्यांनी आदल्या रात्री दिला होता, तो खरा होता. पण तो 'कल्पना चांगली आहे' एवढ्यापुरता होता.

२०२५ ला मी आधी कालनिर्णय काढलं. गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे पाचवा दिवस ३१ ऑगस्ट, रविवार. गौरी-आवाहन त्याच दिवशी. याचे दोन अर्थ. एक, गौरीवाल्या घरातल्या बाया गौरी घरात घेतल्याशिवाय मोकळ्या नाहीत, पण घेतल्यावर रात्री मोकळ्या आहेत, कारण पूजन दुसऱ्या दिवशी. दुसरा, ज्यांचा गणपती गौरीबरोबर जातो ती घरं त्या दिवशी घाटावर येणारच नाहीत. ती मंगळवारी, २ तारखेला येणार. म्हणजे गर्दी होईल ती बिनगौरीच्या घरांची, मंडळांची आणि संस्थानचा गणपती बघायला आलेल्यांची. आणि मिरवणूक बघून लोक घरी जाऊन, मूर्ती घेऊन येईपर्यंत रात्र होणार. गेल्या वर्षी लोंढा साडेआठला का आला, याचं उत्तर मला इतक्या उशिरा मिळालं.

मग मी तात्यांकडं गेले. तात्या एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. गुडघ्यामुळं फार चालवत नाही, म्हणून गेल्या वर्षी त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. त्यांनी मेसेज वाचला, चष्मा काढला.

"ताई, हितं ड्युटी कुठाय? हे तर आवतण झालं."

"म्हंजे काय करायचं तात्या?"

"आमच्यात ड्युटी बदलताना 'येतो' म्हणून चालत नव्हतं. वेबिल हातात द्यायचं, ट्रेमधली तिकिटं दाखवायची, मग उतरायचं. बदली आल्याशिवाय गाडी सोडायची नाही. एवढं घाला."

ते मी घातलं. त्याचं पुढं काय झालं ते सांगतेच.

दोन संध्याकाळी मी फक्त फोन केले. ग्रुपवर 'कोण कोण येणार' असं विचारलं नाही. प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारल्या : रविवारी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत खरंच मोकळे आहात, कशानं येणार, आणि काय जमणार नाही. तिसरा प्रश्न सगळ्यांत कामाचा निघाला. काय जमेल म्हटलं की माणूस 'काहीही सांगा' म्हणतो, आणि काहीही सांगितलं की अडतो. काय जमणार नाही म्हटल्यावर खरं बाहेर येतं. एका काकांना साखर आहे, त्यांना साडेसातला जेवायलाच लागतं. एक वहिनी पाण्याजवळ उभ्या राहू शकत नाहीत. २०१९ च्या पुरात त्यांच्या घराच्या जिन्यात पाणी चढलेलं, तेव्हापासून. शाळेतल्या एका सरांनी स्पष्ट सांगितलं की पोतं उचलणार नाही, पाठीचा पट्टा आहे. अशी सव्वीस माणसं नक्की झाली. त्रेचाळीसातली सव्वीस. आणि मला ती भरपूर वाटली, कारण आता त्यातला प्रत्येकजण कधी येणार ते माहीत होतं.

उभं राहायचं कुठं, हाही एक प्रश्न असतो. ते घाटावर एक दिवस घालवल्याशिवाय कळत नाही. घाटाच्या तोंडाशी टेबल लावलं तर कुणी निर्माल्य देत नाही, कारण हार अजून गणपतीच्या गळ्यात असतो. खाली पाण्याशी उभं राहिलं तर उशीर झालेला असतो, पिशवी नदीत गेलेली असते. मध्ये एक जागा आहे, जिथं लोक पाट टेकवून शेवटची आरती करतात. आरती झाली की घरातलं एकजण हार, दूर्वा, पत्री उतरवतं आणि दोन मिनिटं ते हातात धरून इकडंतिकडं बघतं, आता हे कुठं ठेवायचं म्हणून. टेबल त्या दोन मिनिटांसमोर पाहिजे. ओढायला लागत नाही, मागायलाही लागत नाही. कलश दिसला की माणूस आपणहून येतो.

टेबलं दोन ठरवली, प्रत्येकावर दोघं. एकानं घ्यायचं, दुसऱ्यानं तिथंच कात्री चालवायची. हाराचा दोरा कापून काढायचा, कारण खताच्या यंत्रात दोरा पात्याला गुंडाळतो आणि यंत्र बंद पडतं. नारळ वेगळे, सुपारी-नाणी वेगळी, कापसाची वस्त्रं आणि चमकीच्या माळा वेगळ्या. हातमोजे सक्तीचे. हार-मखराला टाचण्या लावलेल्या असतात, आणि ओल्या फुलांत हात घातला की ती टाचणी बोटालाच सापडते. मागं निवडणारे, त्यांच्यामागं पोती टेम्पोपर्यंत नेणारे. पोतं अर्धंच भरायचं. सुकी फुलं भरल्यासारखं गच्च भरलं की ओल्या निर्माल्याचं पोतं दोघांनाही हलत नाही, आणि ओढायला गेलं की पायरीवर फाटतं.

पाळ्या तीन. पहिलीत सहाजण, दुसरीत आठ, तिसरीत दहा. दिवस जाईल तशी माणसं वाढत जाणारी, गेल्या वर्षीच्या बरोबर उलटी. प्रत्येक पाळी पुढच्या पाळीवर पंधरा मिनिटं चढलेली, म्हणजे येणारा आणि जाणारा टेबलाशी एकत्र असतील. या काळात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, म्हणून दुसऱ्या पाळीतल्या एकाकडं दिव्यांचं काम. चोवीस झाले. उरले दोघं. एक राखीव आणि एक संपर्क.

संपर्कासाठी मी फार विचार केला. आठ तास एक माणूस कसा बसेल? आणि दोन माणसं लिहिली तर गेल्या वर्षीचीच गत. शेवटी माझ्या भावाचा एक जुना साधा फोन होता, बटणांचा. त्यात वेगळं सिम टाकलं. मेसेजमध्ये नंबर एकच, त्या फोनचा. सातपर्यंत तो तात्यांच्या हातात, सातनंतर राखीवमधल्या डॉक्टरीणबाईंच्या हातात. माणूस बदलेल, नंबर बदलणार नाही. आणि ज्याच्या हातात फोन, त्यानं दुसरं कुठलंही काम करायचं नाही. कात्री धरायची नाही, पोतं उचलायचं नाही, कुणाची मूर्तीही धरायची नाही. हे सांगायला अवघड जातं, कारण आपल्याकडं नुसता बसलेला माणूस डोळ्यांत खुपतो. पण त्या एका माणसानं हात मोकळे ठेवले नाहीत की बाकीच्या चोवीसांचे हात बांधले जातात.

आणि फोनही लागणार नाही हे मी धरूनच चालले होते. घाटावर गर्दी दाटली की तासभर कुणाचाच फोन नीट लागत नाही. म्हणून एक ओळ जास्तीची : 'फोन लागला नाही तर लाल छत्रीखाली या.' तात्यांची खुर्ची, तिला बांधलेली लाल छत्री. पाऊस असो नसो.

शनिवारी रात्री मेसेज टाकला. त्यातला तिसऱ्या पाळीचा तुकडा, नावं काढून, असा :

"हा शेवटचा मेसेज. शनिवार रात्री ९ चा. याआधीचा धरू नये.
तिसरी पाळी : रविवारी रात्री ८ ते १०:३०. टेबलाशी ७:४५ ला.
टेबल १ : दोघी. टेबल २ : दोघी. निवडणे : तिघं. पोती : तिघं.
बदली आल्याशिवाय जागा सोडू नये. १५ मिनिटांत बदली आली नाही तर लाल छत्रीला कळवा.
पाण्यात कुणीही उतरायचं नाही. मूर्ती द्यायला सांगितलं तरी नाही.
पाणी वाढलं तर जागा बदलेल. ते रविवारी दुपारी १२ ला याच नंबरवरून कळेल, दुसऱ्या कुणाचं ऐकू नये.
हे वाचल्यावर अंगठा नको. आपली पाळी आणि जागा स्वतः लिहून पाठवा."

'याआधीचा धरू नये' का, तर पहिल्या मसुद्यात मी टेबल एक आणि दोनची माणसं उलटी लिहिली होती. व्हॉट्सअॅपवर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो. मला चूक दिसली विसाव्या मिनिटाला. तोवर दोघांनी तो पुढं पाठवला होता. एकाच कामाचे दोन मेसेज फिरायला लागले की लोक आपल्याला सोयीचा तो खरा धरतात, त्यामुळं वर वेळ घालणं भाग होतं. पाण्याची ओळ मात्र कुणाला समजावून सांगावी लागली नाही. ऑगस्टात आयर्विन पुलाजवळची पातळी किती फूट, हे सांगलीत भाजीवालीलाही माहीत असतं. चाळीसला इशारा आणि पंचेचाळीसला धोका. पाणी त्याच्या कितीतरी खाली असलं तरी खालच्या पायऱ्यांवर गाळ असतो, आणि गाळावर माणूस आवाज न करता घसरतो.

शेवटच्या ओळीवर गल्लीत हसू झालं. "काय ओ ताई, परीक्षा घेताय काय?" पण एकोणीस जणांनी लिहून पाठवलं. 'मी, ८ ते साडेदहा, टेबल २.' पाच जणांनी तरीही अंगठाच दिला. त्या पाचांना फोन केला. तिघं नीट वाचलेले होते. एकाला सकाळचे आठ वाटले होते. पहिल्या पाळीची वेळ बघायचे कष्ट त्यानं घेतले नव्हते, आणि मी फक्त फोनवर सांगताना 'आठची पाळी' म्हटलं होतं. पाचव्यानं आपलं नाव वाचलंच नव्हतं, नुसतं 'निर्माल्य' वाचून अंगठा दिला होता.

फोन त्या दोघांसाठी केला म्हणून वसूल झाला. पण मेसेज लिहिताना मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती मी कुणाला फोनवर बोलले नाही. पोती उचलणाऱ्यांची नावं लिहिताना हातानं आपोआप दोन नावं लिहिली. मागच्या बोळातली दोन पोरं. गेल्या वर्षी कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, तरी पोती त्यांनीच उचलली होती. गणपतीच्या मांडवाचे बांबू तेच उचलतात, दहीहंडीचा चिखल तेच धुतात. तोंडी सगळं चाललं होतं तोवर ते 'हौशी पोरं' होते. कागदावर तिन्ही पाळ्यांत पोत्यासमोर तीच दोन नावं आली, तेव्हा ते काहीतरी वेगळंच दिसायला लागलं. मी ती खोडली. एकाला टेबलावर घेतलं, कात्रीला, एका वकिलांशेजारी. दुसऱ्याला दिव्यांचं काम. पोत्यांसमोर दुकानदार, पेढीवरचा माझा सहकारी आणि बँकेतले एक साहेब आले. साहेबांचा फोन आला, "मला पोती?" मी म्हटलं, "काय जमणार नाही ते विचारलं होतं, तुम्ही 'सगळं जमेल' म्हणालात." ते आले. पहिलं पोतं त्यांनी गच्च भरलं आणि पायरीवर फाडलं, मग ऐकलं.

रविवारी साडेतीनला सहाच्या सहाजण होते. चार वाजता घाट जवळजवळ रिकामा, पण या वेळी कुणी कुणाच्या अंगावर धावलं नाही. साखरवाल्या काकांची पहिली पाळी, ते सहाला मोकळे होऊन साडेसातला घरी जेवत होते. सात वाजता तात्यांनी फोन डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. नुसता दिला नाही. पाठकोऱ्या कागदावर लिहिलेलं वाचून दाखवलं : "टेम्पोची एक खेप गेली, दुसरी आठला. टेबल दोनचे हातमोजे संपत आलेत, पेठेत पोरगं पाठवलंय. एक नारळाचं पोतं वेगळं ठेवलंय, ते टेम्पोत घालायचं न्हाई. बॅटरी दोन कांडी." मग खुर्ची सोडली. छत्री सोडली नाही. पुढचे चार तास ते छत्रीशेजारी दुसऱ्या खुर्चीवर भडंग खात बसून होते, पण फोन वाजला की हात मागं घ्यायचे.

साडेआठला लोंढा आला. गौरी घरात घेऊन, साड्या बदलून आलेल्या चार बाया टेबलांशी होत्या, दहाच्या दहा माणसं जागेवर. फोन अर्थातच लागेना. छत्रीकडं मात्र कुणी ना कुणी येत होतं : पोती संपली, एका मूर्तीचा पाट राहिला, एका आजींना घाम फुटला. सगळं चार पावलांवर मिटत होतं. मला करायला काही उरलं नव्हतं. हे मला जरा लागलंही, खोटं कशाला बोलू.

साडेदहाला गर्दी ओसरली. पावणेअकराला टेम्पो शेवटची खेप घेऊन गेला. डॉक्टरीणबाई घरी गेल्या, निवडणारे गेले, पोतीवाले साहेब पाठ धरत गेले. मी आणि तात्या खुर्च्या आवरत होतो. अकरा वाजून गेले असतील. तात्यांनी छत्री मिटली आणि म्हणाले, "ताई, ती टेबलावरची बाई अजून हाय की ओ."

खरंच होतं. टेबल एकशी आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरातल्या काकू एकट्या उभ्या होत्या. हातात कात्री, हातमोजे तसेच. समोर कलश रिकामा. घाटावर कुणी नव्हतं, खाली नदी तेवढी वाहत होती.

"काकू, झालं की ओ सगळं. घरी गेला न्हाई?"

"कशी जाऊ?" काकू म्हणाल्या. "बदली आली न्हाई अजून. मेसेजमधे तसं होतं."

"मग पंधरा मिनिटांनी छत्रीला सांगायचं होतं ना."

त्यांनी तात्यांच्या काखेतल्या मिटलेल्या छत्रीकडं बघितलं. "सांगणारच होते. ती आताच मिटली."